ताशी ४ मिली म्हणजे नेमकं किती औषध?

नागपूर

प्रिय विद्यार्थिनी,

पुढच्या आठवड्यापासून आयसीयूत पोस्टिंग आहे आणि मायक्रोग्रॅमच्या गणितांची धास्ती वाटते, असं तू लिहिलंस. मी तुला मुख्यतः एकच औषध आणि एकच रुग्ण घेऊन सगळं दाखवते.

आपल्या नागपुरात मेडिकल-मेयोला गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, शिवाय छिंदवाडा-बालाघाटकडून रेफर झालेले रुग्ण येतात. समज, असाच एक रुग्ण सिरिंज पंप चालू असतानाच तुझ्या बेडवर आला. रेफर चिठ्ठीवर लिहिलंय, "डोपामिन ताशी ४ मिली". आता सांग, त्याला किती डोपामिन जातंय? सांगताच येणार नाही. मिली हे पाण्याचं माप आहे. त्या पाण्यात औषध किती विरघळलंय हे कळेपर्यंत ४ ला काही अर्थ नाही.

म्हणून सुरुवात पंपापासून नाही, अँप्युलपासून करायची. डोपामिनचं नेहमी मिळणारं अँप्युल ५ मिलीचं असतं आणि त्यात २०० मिलिग्रॅम औषध असतं. तरी दर वेळी लेबल वाचायचंच. ५० मिलीच्या सिरिंजमध्ये हे ५ मिली ओढून घे आणि वर ४५ मिली नॉर्मल सलाईन घाल. ५० नाही, ४५. पूर्ण ५० मिली सलाईन घातलं तर एकूण ५५ मिली होतं आणि प्रत्येक मिलीत साधारण ९ टक्के औषध कमी पडतं.

२०० मिलिग्रॅम ५० मिलीत, म्हणजे एका मिलीत ४ मिलिग्रॅम. डॉक्टरांची ऑर्डर मायक्रोग्रॅममध्ये असते, म्हणून इथेच, सगळ्यात आधी, एकक बदलून घे: ४ मिलिग्रॅम म्हणजे ४००० मायक्रोग्रॅम. हजाराचा गुणाकार शेवटी करू म्हणून ठेवला की तो हमखास विसरतो.

आता ऑर्डर: `5 mcg/kg/min`, रुग्णाचं वजन ५२ किलो. ही ऑर्डर डावीकडून उजवीकडे वाक्यासारखी वाच. दर किलोला ५ मायक्रोग्रॅम, म्हणून ५२ किलोला २६० मायक्रोग्रॅम. हे एका मिनिटाचं झालं. पंप तासाचा आकडा मागतो, म्हणून ६० ने गुण: तासाला १५,६०० मायक्रोग्रॅम. एका मिलीत ४००० आहेत, तेव्हा १५,६०० भागिले ४०००, म्हणजे ३.९. पंपावर `3.9 mL/h`. पूर्णांकात आणायचं झालं तर फक्त या शेवटच्या पायरीला, मधे कुठेही नाही.

आकडा आला की उलट फिरून ये. ३.९ गुणिले ४००० म्हणजे १५,६००. भागिले ६० म्हणजे २६०. भागिले ५२ म्हणजे ५. ऑर्डरवर परत पोचलीस तर गणित बरोबर. दुसऱ्या सिस्टरला तपासायला सांगताना तुझा कागद दाखवू नकोस, तिला ऑर्डर आणि अँप्युल दाखव आणि तिचं तिला काढू दे. तुझा कागद बघितला की तिची नजर तुझ्याच चुकीवरून घसरत पुढे जाते.

६० विसरलीस तर उत्तर ०.०६५ येईल, हजार विसरलीस तर ३९००. दोन्ही आकडे पंपावर टाकायला हातच धजावणार नाही. त्यांना मी फार घाबरत नाही. घाबरायचं ते दुपटीच्या चुकीला, कारण ती दिसायला अगदी शहाणी असते. समज, रात्रपाळीत नवी सिरिंज भरताना कुणी दोन अँप्युल घातली. आता एका मिलीत ८ मिलिग्रॅम झालं. पंपावर तोच ३.९ चा आकडा, ऑर्डर तीच, पण रुग्णाला मिनिटाला किलोमागे ५ ऐवजी १० मायक्रोग्रॅम जाताहेत. डोपामिन २० पर्यंत देतात, त्यामुळे १० हा आकडाही कुणाला खटकत नाही. नाडी धावायला लागते आणि सगळे कारण रुग्णात शोधत बसतात. म्हणून सिरिंजच्या लेबलवर नुसतं "डोपामिन" लिहू नकोस. "डोपामिन २०० मिग्रॅ / ५० मिली", भरल्याची तारीख-वेळ आणि सही, एवढं सगळं हवं. ड्यूटी घेताना पंपाचा आकडा वाचायच्या आधी हे लेबल वाचायचं.

नॉरॲड्रेनालिनमध्ये हीच दुप्पट अँप्युलच्या लेबलमध्येच लपलेली असते. कित्येक २ मिलीच्या अँप्युलवर दोन आकडे असतात: नॉरॲड्रेनालिन बायटार्ट्रेट ४ मिलिग्रॅम, आणि त्याच्याच खाली, बारीक अक्षरात, नॉरॲड्रेनालिन २ मिलिग्रॅम. पहिला आकडा क्षाराचा, दुसरा मूळ औषधाचा म्हणजे बेसचा. डोस बेसवर धरलेला असेल तर दोन अँप्युल मिळून ४ मिलिग्रॅम. ५० मिलीत घातल्यावर एका मिलीत ८० मायक्रोग्रॅम. आपल्याच ५२ किलोच्या रुग्णाला `0.1 mcg/kg/min` द्यायचं तर मिनिटाला ५.२, तासाला ३१२, आणि भागिले ८० केल्यावर गंमत म्हणजे पुन्हा ३.९. तेच कुणी वरचा मोठा आकडा धरून ८ मिलिग्रॅम मानलं, तर उत्तर १.९५ येईल आणि रुग्णाला निम्मंच औषध मिळेल. प्रेशर काही वर येणार नाही. तुमच्या युनिटमध्ये बेस धरतात की क्षार, हे पहिल्याच दिवशी विचारून घे.

पंप नसेल तर? ३.९ मिली मायक्रोसेटने म्हणजे मिनिटाला जेमतेम चार थेंब, ते मोजून सांभाळता येत नाहीत. मग औषध पातळ करतात. २५० मिलीच्या बाटलीतून ५ मिली काढून तेच २०० मिलिग्रॅम घातलं की एका मिलीत ८०० मायक्रोग्रॅम; १५,६०० भागिले ८०० म्हणजे तासाला १९.५ मिली. मायक्रोसेटला एका मिलीत ६० थेंब आणि तासात मिनिटंही ६०, म्हणून दोन्ही साठ कटतात आणि तासाचे मिली तेच मिनिटाचे थेंब होतात: १९ ते २०. साध्या, मिलीला २० थेंबांच्या सेटला हा नियम लावू नकोस, तिथे एक तृतीयांश थेंब येतील. सेटच्या पाकिटावर थेंबांचा आकडा छापलेला असतो. आणि रुग्णाने हात दुमडला की वेग बदलतो, तेव्हा थेंब पुन्हा पुन्हा मोजायचे.

लिहिण्याबद्दल एकच: मायक्रोग्रॅमसाठी तो ग्रीक μ हाताने काढू नकोस, घाईत तो `m` दिसतो आणि हजारपट घोळ होतो. `mcg` लिही. ०.५ मधलं पुढचं शून्य लिहायचंच, आणि ५ च्या पुढे "५.०" करायचं नाही, टिंब पुसट झालं की ते ५० होतं.

आता त्या सुरुवातीच्या, रेफर होऊन आलेल्या रुग्णाकडे परत ये. सिरिंजवर लेबल नाही, तर पंप घाईने बंद करू नकोस, प्रेशर कोसळू शकतं. लगेच डॉक्टरांना सांग, चिठ्ठीवरून पाठवणाऱ्या ठिकाणी फोन करून किती अँप्युल किती मिलीत घातली ते विचारायला लाव, आणि तोवर आपली नवी सिरिंज ऑर्डरप्रमाणे भरून, लेबल लावून, दुसऱ्या पंपावर तयार ठेव. डॉक्टर समोर असताना, प्रेशर बघत बघत जुनीवरून नवीवर यायचं. बदलल्याची वेळ, वजन किती धरलं ते आणि नवी स्ट्रेंथ चार्टवर एकाच ओळीत लिही.

तुझी,
मॅडम