पहिल्यांदाच औद्योगिक प्रदर्शनात स्टॉल घेतोय. बॅज स्कॅन करायला आयोजकांचं अ‍ॅप घ्यावं की फोनचा स्कॅनर पुरेल? आणि नंतर फॉलोअप कसा करायचा?

फोनचा कॅमेरा एका बॅजवर धरून बघा. नाव, मोबाइल दिसला तर फोन पुरेल. नुसता नोंदणी क्रमांक दिसला तर अ‍ॅपचे पैसे भरा, कारण त्या क्रमांकामागची माहिती आयोजकांकडेच असते. अ‍ॅप घेतलंत तर स्टॉलवरच्या प्रत्येकाला वेगळा लॉगिन द्या, नाहीतर कोणाशी कोण बोललं हे नंतर कळत नाही. हॉलमध्ये नेटवर्क मरतं, म्हणून ऑफलाइन स्कॅन होतं का हेही आधीच विचारा.

पण खरं दुखणं पुढे आहे. आम्ही सीएनसी मशीनसाठी कूलंट फिल्टर बनवतो. आमच्या सेल्सच्या साहेबांचा हिशोब एकच: स्कॅन किती झाले? चहाला आलेले, पिशवी मागणारे विद्यार्थी, शेजारच्या स्टॉलवाले, सगळ्यांचे बॅज टिपले जायचे. मी म्हणायचो, स्कॅन केल्यावर माणूस समोर असतानाच नोट्समध्ये एक ओळ टाका. साहेब म्हणायचे, गर्दीत वेळ कुठे असतो!

एका वर्षी कोल्हापूरकडच्या फाउंड्रीचे प्लांट हेड आमच्याकडे बराच वेळ बसले. मी लिहिलं: "सहा व्हीएमसी, गाळ बारीक, टाकी 200 लिटर, दिवाळीनंतर खरेदी, ट्रायल हवी, स्वतःचा नंबर वेगळा" आणि तो नंबर. परतल्यावर साहेबांनी बॅजवरच्या नंबरला फोन लावला. तो निघाला खरेदी विभागातल्या क्लार्कचा. नोंदणी त्यानेच केली होती. "मी तर आलोच नव्हतो," म्हणाला. साहेबांनी नावावर काट मारली. मी नोट वाचून दुसऱ्या नंबरला फोन केला, ट्रायल ठरली, ऑर्डर आली. साहेबांच्या मते तो योगायोग.

त्यामुळे फॉलोअपची सोय स्टॉलवरच करा. रोज संध्याकाळी यादी उतरवून घ्या आणि तीन ढीग करा: मशीन आणि खरेदीची वेळ दोन्ही सांगणारे, नुसती चौकशी करणारे, बाकीचे. पहिल्या ढिगाला त्याच रात्री व्हॉट्सअ‍ॅप, त्यांच्याच मशीनचा उल्लेख करून. सगळ्यांना एकच कॅटलॉग पाठवणं म्हणजे लग्नपत्रिका वाटणं. प्रत्येक नावापुढे एकच जबाबदार माणूस आणि पुढच्या फोनची तारीख हवी. "टीम बघेल" असं लिहिलंत की कोणीच बघत नाही.

सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये थेट उघडू नका. 91 लावलेले मोबाइल नंबर 9.19877E+11 असे दिसतात, आणि तसंच सेव्ह केलं तर शेवटचे आकडे गेलेच. आयात करताना तो रकाना Text ठेवा.

हे सगळं मशिनरीसारख्या महाग मालाचं. मसाले विकत असाल तर इतकं लिहीत बसू नका. आणि स्कॅन करण्याआधी विचारा. वैयक्तिक माहितीचा 2023 चा कायदा आहेच, शिवाय न विचारता टिपलेला माणूस तुमचा नंबर ब्लॉक करतो. साहेबांच्या यादीत असे पुष्कळ होते.