सुनेचं कौतुक आणि काकांची पंचाईत

ताई, नमस्कार. माझा मुलगा स्पेनमध्ये वालेन्सियाला नोकरीला आहे. तिथलीच मुलगी त्यानं केली. पोर गुणाची आहे. संक्रांतीच्या आधी दोघं आले, सुट्टी संपली तसा तो परत गेला, ती पाडव्यापर्यंत थांबणार आहे. त्यानं तिला मराठीत एक वाक्य शिकवून ठेवलं, ‘तुम्ही खूप सुंदर दिसता.’ ते ती सगळ्यांना म्हणून राहिली. मला रोज सकाळी म्हणते, दूधवाल्यालाही म्हणते. हळदीकुंकवाला माझे चुलत दीर जाऊबाईंना सोडायला आले, तर भरल्या बायकांत ही त्यांच्या दंडाला हात लावून तेच म्हणाली. दीर आल्या पावली निघून गेले, जाऊबाई त्यानंतर आमच्याकडे फिरकल्या नाहीत. नणंदेच्या नातवाला सारखं सुंदर सुंदर म्हणाली, तर नणंदेनं तिथंच मीठमोहरी मागवली. आणि मी प्रेमानं म्हटलं, ‘आल्यापासून छान भरलीस गं,’ तर ही खोलीत जाऊन रडली, रात्री जेवली नाही. हिला समजावू तरी कसं?
— एक सासू, प्रतापनगर, नागपूर

सगळ्यात आधी जाऊबाईंकडे जा, आणि एकट्याच जा. सुनेला माफी मागायला सोबत नेऊ नका. तिनं माफी मागितली, की त्या दिवशी खरंच काही वावगं घडलं असं ठरून जाईल, आणि नातेवाइकांत ते तसंच सांगितलं जाईल. जाऊबाईंना एवढंच सांगा, ‘ती हे मलाही रोज म्हणते आणि दूधवाल्यालाही म्हणते. पोरानं तिला मराठीत एकच वाक्य शिकवलं, मग ती तरी काय बोलणार?’ जाऊबाईंचा राग सुनेवर असेल असं मला वाटत नाही. बाकीच्या बायकांनी त्या क्षणी वळून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, ते त्यांना लागलं आहे. म्हणून खुलासा लांबवू नका. वाण द्या, चहा घ्या, दुसऱ्या विषयावर बोला आणि घरी या.

आता सुनेचं. स्पेनमध्ये बाजारात भाजीवाली गिऱ्हाइकाला ‘बोल सुंदरी, काय देऊ’ अशा थाटात हाक मारते. बाईला ‘ग्वापा’ आणि पुरुषाला ‘ग्वापो’ म्हणतात. मावशी भाच्याला म्हणते, मैत्रीण मैत्रिणीला म्हणते, शेजारीण शेजाऱ्याच्या म्हाताऱ्या वडिलांनाही म्हणते. भेटल्यावर गालाला गाल लावून दोन पापे घ्यायचे आणि त्याच दमात हे म्हणायचं. त्यात रूप कोणी मोजत नसतं. आपण ‘काय, बरं आहे ना’ म्हणून पुढे जातो, तितकंच ते हलकं असतं. घरी आलेल्या काकांकडे पाहून नुसती मान हलवणं तिला कोरडं वाटलं असतं. तिनं काकांचं स्वागत केलं होतं, आणि दंडाला लावलेला हात त्या स्वागताचाच भाग होता.

आपल्याकडेही रूपाचं कौतुक भरपूर होतं, पण ते नात्याच्या वाटेनं जातं. मोठ्या बाईनं लहान मुलीला ‘गोड दिसतेस’ म्हणावं, जावेनं जावेला ‘हा रंग तुला खुलतो’ म्हणावं, दीर-भावजयीत किंवा मेहुण्या-मेहुणीत त्यावरून थट्टाही व्हावी, हे सगळं चालतं. तुमच्या सुनेनं तेच वाक्य तुमच्या धाकट्या मुलाला किंवा भाच्याला म्हटलं असतं, तर हळदीकुंकवाला आलेल्या बायका पोट धरून हसल्या असत्या. पण सून आणि चुलत सासरे हे आपल्याकडे आब राखायचं नातं. कालपरवापर्यंत सुना त्यांच्यासमोर डोक्यावर पदर घेत होत्या. पदर गेला, अंतर राहिलं. त्या अंतराच्या पलीकडून आलेलं कौतुक झेलायची काकांना सवयच नाही, म्हणून ते निघून गेले.

हे तिला समजावताना ‘इथे पुरुषांना असं म्हणायचं नसतं’ एवढंच सांगितलंत, तर तिच्या कानावर भलतंच पडेल. आपण काकांवर लाइन मारली असं सासूला वाटतंय, असा अर्थ ती काढेल. हे सांगायला तुमच्या यजमानांना पुढे करू नका, आणि मुलाकडून फोनवर निरोपही देऊ नका. दुपारी दोघीच असाल तेव्हा तुम्ही स्वतः बोला. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालेल. ‘त्या दिवशी तू काकांचं प्रेमानं स्वागत केलंस, ते मला कळलं. इथे सून सासऱ्याच्या वयाच्या माणसांशी थोडं लांबून बोलते, म्हणून ते गडबडले. तुझ्यावर कोणी रागावलेलं नाही.’ एवढं बोलून थांबा.

त्यानंतर तिला पर्यायी वाट द्या, कारण कौतुक हीच तिची बोलायची पद्धत आहे आणि ती बंद केली तर ती घरात मुकी होईल. आपल्याकडे पुरुषाच्या दिसण्याचं कौतुक त्याच्या बायकोकडे किंवा आईकडे करतात. ‘काकू, काकांचा हा सदरा तुम्ही निवडला का? छान आहे हो,’ असं म्हटलं की काकांना ऐकू जातं, काकूंना मान मिळतो आणि कोणालाच खाली बघावं लागत नाही. मुलाला फोन करून सांगा, आणखी तीन वाक्यं शिकव. ‘साडीचा रंग सुरेख आहे’ हे बायकांसाठी, ‘हे तुम्ही केलंत? फार छान झालंय’ हे रांगोळी किंवा पाटवडी रस्सा समोर आला की, आणि ‘काका, तुम्ही आलात, बरं वाटलं’ हे वडीलधाऱ्या पुरुषांसाठी, हात जोडून. पाडव्याला जाऊबाई घरी येतील तेव्हा तिनं दुसरं वाक्य त्यांच्या हातच्या पदार्थाला वापरावं. माफीनं जे साधणार नाही ते त्यानं साधेल.

आणखी एक गोष्ट तिला आधीच सांगून ठेवा. तिनं कोणाच्या साडीला छान म्हटलं की समोरून येणार, ‘छे गं, जुनीच आहे.’ तिला वाटेल आपलं कौतुक परतवलं. ॲनिटा पोमेरान्त्झ या अमेरिकन अभ्यासक बाईंनी 1978 साली हा पेच नेमका मांडला होता. कौतुक झालेल्या माणसानं बोलणाऱ्याशी सहमत व्हायचं असतं आणि त्याच वेळी स्वतःची फुशारकीही मारायची नसते. एक पाळलं तर दुसरं मोडतं. म्हणून लोक मधला रस्ता काढतात, आणि आपला मधला रस्ता म्हणजे साडी जुनी ठरवणं. काही बायका तर ‘आवडली? घेऊन जा’ असंही म्हणतात. ते तोंडदेखलं असतं, हेही तिला कळायला हवं, नाहीतर ती खरंच हात पुढे करेल. आणि सकाळी ती तुम्हाला सुंदर म्हणते तेव्हा ‘मी कसली, म्हातारी झाले’ असं म्हणून विषय बदलू नका. तिला ते दार लावून घेतल्यासारखं वाटत असणार. हसून ‘थँक यू बाळा’ म्हणा, एवढं पुरे.

रडण्याची गोष्ट मात्र काकांच्या प्रसंगापेक्षा मला मोठी वाटते, कारण तिथे दुखावलेली ती आहे, आणि परक्या घरात एकटी आहे. सासरी आलेली पोर अंगानं भरली म्हणजे तिला पोटभर मिळतं, ती सुखात आहे, हा हिशेब आपल्या आया-आज्यांच्या टंचाईच्या दिवसांतला. म्हणून आपण ‘वाळलीस गं’ काळजीनं म्हणतो आणि ‘भरलीस’ कौतुकानं. तिच्या पिढीच्या युरोपातल्या मुलीला वजन वाढलं असं ऐकवणं म्हणजे तिच्यातला दोष सगळ्यांदेखत दाखवणं. तिच्या स्वतःच्या आजीनं म्हटलं असतं तर ती कदाचित हसली असती. पण तुम्ही नव्या सासूबाई आहात, आणि आपण या घरात पसंत पडतो की नाही हे ती रोज तुमच्या तोंडावर शोधत असते. जेवली नाही म्हणजे तुमच्या स्वयंपाकाला नाक मुरडलं असंही समजू नका. तुमचं वाक्य ऐकल्यावर तिला ताटासमोर बसायचं धैर्य झालं नसेल.

यासाठी तुम्ही तिला सॉरी म्हणा. ‘आमच्यात असंच बोलतात’ हे कारण पुढे करून सॉरीची धार घालवू नका. आधी ‘मी तुझ्या अंगाबद्दल बोलायला नको होतं’ म्हणा, ती शांत झाली की मग आपल्याकडचा अर्थ सांगा. आठवडाभर तिच्या पानात आग्रहानं वाढू नका, तिला हवं ते हवं तेवढं घेऊ द्या. आणि पाडव्याच्या आधी येणाऱ्या मावश्या, आत्या आणि शेजारणींना फोनवरच सांगून ठेवा, ‘तिच्या जाडी-बारीकीवर, रंगावर बोलू नका, तिला लागतं.’ हे काम नणंदेला दिलंत तर उत्तम. ‘किती गोरी आहे बाप्पा’ हेही त्यातच आलं. त्वचेचा रंग असा तोंडावर बोलला की तिला आपण प्रदर्शनात ठेवल्यासारखं वाटू शकतं.

बाळाचं फारसं मनावर घेऊ नका. नणंदेनं दृष्ट काढली, बाळाचं काही बिघडलं नाही. सुनेला सांगा, बाळाला सुंदर म्हटलं की लगेच तीट लावायची आणि तीट तिनंच लावायची. नणंद खूश होईल.

शेवटी बाहेरचं, आणि ते नणंदेनं किंवा एखाद्या तरुण भाचीनं तिला सांगावं. सीताबर्डीला किंवा सदरला अनोळखी पुरुषानं तिच्या रूपाबद्दल काही म्हटलं तर तिनं सवयीनं हसून थँक यू म्हणू नये. ओळखीच्या माणसानं ग्वापा म्हणणं आणि रस्त्यात अनोळखी पुरुषानं मागून शेरा मारणं, हा फरक तिच्या देशातही आहे. 2022 साली स्पेनने कायदा करून रस्त्यावरच्या अपमानकारक लैंगिक शेऱ्यांना गुन्हा ठरवलं, त्यामुळे हा मुद्दा तिला पटकन कळेल. नवीन आहे ते इतकंच, की इथे दुकानदार आणि ऑटोवालाही अनोळखीच धरायचा. उत्तर न देता पुढे चालायचं, कोणी मागे आलाच तर सरळ गर्दीच्या दुकानात शिरायचं आणि तुम्हाला फोन करायचा. तुमचा आणि नणंदेचा नंबर तिच्या मोबाइलमध्ये वरच ठेवून द्या.