'घरातल्यांना' कुठे तोडायचं?

प्रश्न: एम.ए. भाषाशास्त्र, पहिलं वर्ष. इंग्रजी शब्द तोडता येतात, पण 'घरातल्यांना'मध्ये मूळ शब्द कुठे संपतो आणि प्रत्यय कुठे सुरू होतो, तेच कळत नाही. कुणी समजावून सांगेल का?

बहुतेक मुलं पहिला घाव 'घर + आत' असा घालतात. दिसायला बरोबर वाटतं, पण 'नदी' आणि 'शाळा' घेऊन पाहा. आपण 'नदीत', 'शाळेत' म्हणतो. म्हणजे प्रत्यय नुसता 'त' आहे. 'घरा'मधला 'आ' हा सामान्यरूपाचा. 'घराला', 'घराने', 'घरावर' सगळीकडे तोच येतो. 'हत्ती'सारख्या शब्दांत सामान्यरूप वेगळं दिसतच नाही, म्हणून सामान्यरूप शोधायला असले शब्द घेऊ नका.

आता 'ला'. 'घराला' आणि 'घरातला' यांतला 'ला' एकच का? लिंग बदलून बघा. घरातला मुलगा, घरातली मुलगी, घरातलं मांजर. 'घराला' मात्र जागचा हलत नाही. एक विभक्तीचा, दुसरा विशेषण बनवणारा. मी नागपुरात बी.ए.ला शिकवतो. एकदा हे फळ्यावर मांडत होतो, तर मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, आमी तं घरी 'घराले' म्हन्तो." माझं अर्धं काम त्या पोरानंच केलं! आपल्याकडे विभक्तीच्या 'ला'चा 'ले' होतो, पण 'घरातला'चं 'घरातले' कुणी करत नाही (अनेकवचन सोडून). प्रत्यय दोन असल्याचा याहून घरगुती पुरावा मला सापडलेला नाही. 'घरातल्याइले' म्हटलं, की दोन्ही 'ल' एकाच शब्दात, आपापल्या जागी दिसतात.

इंग्रजीतही अशी फसगत होते. 'टीचर' आणि 'टॉलर' यांच्या शेवटी सारखाच आवाज, पण 'टीचर्स' होतं, 'टॉलर्स' होत नाही. पहिला नाम बनवतो, दुसरा तुलना दाखवतो.

खरा फरक पुढे आहे. इंग्रजीत अनेकवचनाचा 'स' लागला, की त्यावर नवा शब्द बनवणारा प्रत्यय सहसा चढत नाही; 'टीचर्स'पासून पुढे विशेषण बनवून बघा. मराठीत 'घरात' ही विभक्ती लागून गेली, तरी वर 'ल' चढतो आणि शब्दाचं विशेषण होतं. मग त्या विशेषणाचं पुन्हा सामान्यरूप होतं, 'घरातल्या'; अनेकवचनासाठी त्यावर अनुस्वार येतो, आणि शेवटी दुसरी विभक्ती, 'ना'.

म्हणून तोड अशी: घर-आ-त-ल-या-ं-ना. मूळ 'घर'पाशीच संपतं. 'आ' आणि 'या' दोन्ही सामान्यरूपाचे, फक्त एक नामाचा आणि दुसरा विशेषणाचा. पेपरात मुलं हा 'या' हमखास 'ल'मध्येच ढकलून देतात.