सोलापुरी टॉवेल: आधी निर्यात की देशी बाजार?

प्रश्न: सोलापुरात टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे. आधी निर्यात करू की देशातले वितरण वाढवू?

उत्तर: आधी देशातले वितरण. माग दिवसाला 400 किलो देत असतील आणि परदेशी ऑर्डर 8 टनांची आली, तर 20 दिवस सगळे माग तिलाच जुंपावे लागतील. तोवर नेहमीचे व्यापारी दुसरीकडे वळतात. सूत रोखीने घ्यायचे आणि पैसे माल जहाजावर चढल्यावर 60-90 दिवसांनी, एवढी कळ काढता येईल का? शिवाय दोन रंगाईंत छटा थोडी बदलली तर इथला व्यापारी भाव पाडून माल उचलतो, परदेशी ग्राहक अख्खा लॉट नाकारू शकतो. हात आजमावायचाच असेल तर दुसऱ्यांचा माल घेऊन परदेशी पाठवणाऱ्या एखाद्या मर्चंट एक्स्पोर्टरला माल द्या. नफा कमी, पण छटेची आणि वजनाची परीक्षा घरबसल्या होते.