संवादात मध्येच भाषा बदलते तेव्हा काय वाचायचं?

प्रश्न: शहरी कादंबऱ्यांत पात्रं बोलता बोलता मराठीतून हिंदी-इंग्रजीत जातात. त्यावरून कोण आपलं, कोण परकं हे खरंच कळतं का?

उत्तर: कळतं, पण नुसत्या सरमिसळीवरून नाही. ‘टेन्शन’, ‘ऑफिस’ सोडून द्या, ते आता मराठीच आहेत. प्रश्न कुठल्या भाषेत आला आणि उत्तर कुठल्या, ते बघा.

समजा, इमारतीत नव्याने आलेली बाई अडखळत विचारते, “काकू, पाणी गेला काय?” काकू पटकन म्हणतात, “हाँ, पाँच बजे आएगा.” काकूंच्या मते ही मदतच. बाईला मात्र ‘तू बाहेरची’ असं ऐकू येतं. जॉन गम्पर्झ या भाषाशास्त्रज्ञाने ‘आपली’ आणि ‘त्यांची’ भाषा असा भेद मांडला होता. इथे ‘आपली’ भाषा तिला नाकारली जाते, तीही गोड बोलून! पुढे कधी त्याच काकू “अगं, पाणी आलं बघ” म्हणाल्या, तर नातं बदललंय हे लेखकाला वेगळं सांगावं लागत नाही.

उलट, सगळी तरुण पात्रं एकाच साच्यात इंग्रजी फेकत असतील तर ती निव्वळ सजावट. संशय आला तर ते वाक्य सरळ एकाच भाषेत वाचून बघा. दोघांमधलं अंतर तेवढंच राहिलं, तर तो बदल फुकटचा होता.