छातीवर बसणारं कोण?

"नाइट शिफ्टवरून सकाळी घरी येऊन झोपते. थोड्याच वेळात जाग येते, खोली दिसते, पण हात हलत नाही, आवाज फुटत नाही. दाराशी कोणीतरी उभं असतं, मग ते छातीवर बसतं. आई म्हणते, बाहेरचं काहीतरी आहे, उतारा काढू. मला वेड लागतंय का?"

नाही. बाधाही नाही. याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात.

विचारणारी ऐरोलीची, वय 27, महापेला नोकरी. तिला दोन आठवडे वहीत तीनच गोष्टी लिहायला सांगितल्या: कधी झोपली, कुशीवर की उताणी, आणि असं झालं का. पाच वेळा झालं होतं. पाचही वेळा शिफ्ट नुकतीच बदललेली, आदल्या दिवशीची झोप चार तासांच्या आत, आणि ती उताणी.

आपली झोप साधारण 90 मिनिटांच्या फेऱ्यांनी चालते. प्रत्येक फेरीच्या शेवटी रेम झोप येते. बंद पापण्यांखाली बुबुळं भराभर फिरतात आणि ठसठशीत स्वप्नं बहुतेक याच वेळी पडतात. तेव्हा मेंदूचा देठ हातापायांचे स्नायू सैल सोडून देतो, नाहीतर स्वप्नात धावणारा माणूस खरोखर पलंगावरून उठून धावेल. फ्रान्समध्ये झोपेचे संशोधक मिशेल जूव्हे यांनी मांजरांच्या मेंदूतला हा भाग निकामी केला, तेव्हा ती झोपेतच उठून झडप घालू लागली. रेममध्ये डोळे आणि श्वासपटल मात्र चालू राहतात.

रेमचा जोर पहाटे आणि सकाळी जास्त असतो. त्यात झोपेची थकबाकी असेल, तर सकाळी साडेसातला पाठ टेकल्यावर ही झोप लवकर गाठते. मग कधी भान आधी येतं आणि स्नायू मागून सुटतात. मधल्या काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत, स्वप्न उघड्या डोळ्यांसमोर चालू राहतं. छातीचे स्नायू सैल असल्याने मुद्दाम खोल श्वास घेता येत नाही. तेच ते ओझं.

आणि दाराशी कोण? रेममध्ये मेंदूतलं भीतीचं केंद्र, अमिग्डाला, फार जागं असतं, तर्क करणारा पुढचा भाग मंद. हॉब्सन आणि मॅकार्ली या संशोधकांनी 1977 मध्ये मांडलं, की देठातून उसळणाऱ्या संदेशांना मेंदू गोष्टीचा आकार देतो. दिवसभराच्या आठवणी आणि भावना लावून ठेवण्याचं काम तेव्हा चालतं, असं मानणारेही आहेत. एकमत झालेलं नाही. पण भीती आधी आणि आकृती नंतर, हा क्रम आईलाही पटला.

तिला सांगितलं: कुशीवर झोप. खिडकीला जाड पडदा लाव. पहाटे दोननंतर चहा नको. ड्यूटीआधी संध्याकाळी दीड तास झोप काढ. तसं झालंच, तर उठायची धडपड नको. डोळे इकडेतिकडे फिरव आणि पायाचा अंगठा हलवायचा प्रयत्न कर.

दीड महिन्यात एकदाच झालं, तेही शिफ्ट बदलली त्या दिवशी. दिवसा अनावर झोप येत असेल, हसताना गुडघे लुळे पडत असतील किंवा घोरताना श्वास अडकत असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा.