कुर्त्यावर काय घालावं: बंडी, वेस्टकोट की जाकीट?

प्रश्न: «धाकट्या भावाच्या लग्नासाठी रॉ सिल्कचा गुडघ्यापर्यंतचा कुर्ता शिवलाय, गळ्याला उभी पट्टी आहे. दुकानात कुणी बंडी म्हणतं, कुणी जाकीट, कुणी वेस्टकोट. माझ्याकडे सूटचा चांगला वेस्टकोट पडून आहे, तोच कुर्त्यावर चालेल का? नवीन शिवायचं तर टेलरला नेमकं काय सांगू?»

उत्तर:

सूटचा वेस्टकोट कुर्त्यावर घालू नका. का ते कळायला तो हँगरवरून काढून उलटा करा आणि पाठ बघा. पुढे सुटाचं कापड आणि मागे चकचकीत अस्तराचं, कंबरेशी छोटा पट्टा आणि बक्कल. वर कोट येणार हे धरूनच तो शिवलेला असतो. पाठ झाकलेली राहते, आणि अस्तर गुळगुळीत असल्यामुळे कोट त्यावरून सहज सरकतो. कुर्त्यावर मात्र तीच पाठ उघडी पडते. लग्नात माणूस अर्धा वेळ लोकांकडे पाठ करून उभा असतो.

बाकीचा बेतही तसाच, कोटाच्या आत जाण्यासाठीचा. उंची कंबरेपुरती, साधारण तेवीस-चोवीस इंच, पुढे खाली दोन टोकं. पँटवर ते शोभतं. कुर्त्यावर घातलात की कंबरेशी आवळलं जातं आणि खालचा कुर्ता झग्यासारखा फुलतो. मागचा पट्टा ओढलात तर कुर्त्याच्या चुण्या पाठीवर गोळा होतात. पाठ बदलता येते, पण उंची कुठून वाढवणार? म्हणून त्यावर खर्च करू नका.

बंडी हे मुळात वेगळं कापड आणि वेगळं काम. आपल्याकडे शेतकरी घालत आलेत ती बंडी सुती, सैल, बिनअस्तराची. पाठ एकसंध आणि सरळ, कंबरेला आकार नाही, गळा गोल किंवा व्ही, आणि आतल्या बाजूला चोरखिसा. (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत दिसते ती पांढरी बाराबंदी याहून निराळी. तिला बाह्या असतात आणि ती बटणांऐवजी बंदांनी बांधतात.) खादीची बंडी सुती आखूड कुर्त्यावर, बटणं उघडी ठेवून फार छान दिसते, हळदीला तर नक्की घाला. रॉ सिल्कवर मात्र ती टिकत नाही. पुढ्यात ताठपणासाठी आतून घालतात तो कॅनव्हास नसल्यामुळे जड कुर्ता तिला आतून ढकलतो आणि ती दोन्ही बाजूंनी लोंबते. दुकानदार हल्ली नेहरू जाकिटालाही सर्रास बंडी म्हणतात, त्यामुळे नावावर जाऊ नका. पाठ आणि पुढा हातात घेऊन बघा.

तुम्हाला हवंय ते नेहरू जाकीट. ते सगळ्यांत वर दिसण्यासाठीच शिवतात, म्हणून पुढचंच कापड पाठीलाही असतं, अस्तर आत जातं, आणि पाठीच्या मध्यशिवणीतून कंबरेला हलका आकार देता येतो. आता मापाचं सांगतो. मी पंचवीस वर्षं शिवतोय आणि जाकीट बिघडतं ते बहुतेक मापातच.

माप कुर्ता अंगात घालून द्या. एकदा घाईत मी बनियनवर माप घेऊन एका नवरदेवाचं जाकीट शिवलं होतं. माणसाची छाती ४०, जाकीट ४३ ठेवलं. कुर्ता मात्र ४६ घेराचा होता. तो आत मावला, पण काखेपासून छातीपर्यंत उभ्या घड्या पडल्या आणि बटणांमध्ये फटी दिसायला लागल्या. आदल्या रात्री बाजूच्या शिवणी उसवून दाब सोडला तेव्हा कुठे निभावलं. तुमचा कुर्ता शिवून झालाय. त्याचा घेर छातीपेक्षा पाच-सहा इंच जास्त असेल, तर आधी कुर्ताच बाजूंनी दोन इंच आत घ्या. मग कुर्त्यावरून टेप न आवळता माप घ्या आणि जाकिटाला त्याहून तीन इंच सैल ठेवा. छाती ४० असलेल्याची कुर्त्यावरून ४१ भरते, म्हणजे जाकीट ४४.

उंची ठरवायला आरशासमोर उभे राहा. पाच फूट आठ इंचाच्या माणसाच्या गुडघ्यापर्यंतच्या कुर्त्यावर सत्तावीस-अठ्ठावीस इंच बरोबर बसते. सीट निम्मी झाकली जाते आणि खाली कुर्ता चौदा-पंधरा इंच दिसतो. शोल्डर कुर्त्याच्या बाहीच्या शिवणीपासून प्रत्येक बाजूला अर्धा इंच आत ठेवायला सांगा. तेवढ्याच रुंदीला कापलं तर कडा खांद्याबाहेर पंखासारख्या निघतात.

मुंढ्यावर, म्हणजे हात बाहेर येतो त्या गोलाईवर, मात्र टेलरशी नीट बोला, कारण सगळा आराम तिथे आहे. जाकिटाचा मुंढा कुर्त्याच्या मुंढ्यापेक्षा इंचभर खाली हवा. वर राहिला तर कुर्त्याची बाही काखेत गोळा होऊन काचते. फार खाली गेला तर हात वर करताच अख्खं जाकीट वर उचललं जातं. ट्रायलला अक्षता टाकताना करतो तसा हात वर करून बघा. गळ्याची पट्टी हनुवटीकडे सरकली तर मुंढा खोल झालाय. कापून खोल झालेला मुंढा परत भरत नाही, म्हणून ट्रायल कच्च्या टाक्यांवरच द्या.

गळा: दोन्हीकडे उभी पट्टी आहे, म्हणून जाकिटाचा गळा कुर्त्याच्या गळ्यापेक्षा अर्धा इंच मोठा ठेवा आणि पट्टीची उंची अशी, की कुर्त्याची पट्टी वर पाव इंच दिसेल. ती अजिबात दिसली नाही तर जाकिटाची कड दिवसभर मानेला घासते, आणि घामाचा डाग सगळ्यात आधी तिथेच पडतो.

बटणं पाच पुरतात. पहिलं गळ्याशी, शेवटचं खालच्या कडेपासून सहा-सात इंच वर, मधली सारख्या अंतरावर. त्यांतलं एक छातीच्या सर्वांत भरलेल्या जागी येतंय ना बघा, नाहीतर तिथे फट उघडते. पोट पुढे असेल तर हाच हिशोब पोटाचा. कुर्त्याच्या पट्टीवर धातूची उंच बटणं असतील तर ती काढून चपटी लावा. वरून जाकीट बंद केलं की त्यांचे उंचवटे एका रांगेत दिसतात. जाकिटाला कडीची धातूची बटणं निवडलीत तर ती काढता येणारी घ्या, म्हणजे ड्रायक्लीनला देताना उतरवता येतात.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. कुर्त्याचे खिसे बाजूच्या शिवणीत असतात आणि जाकीट त्यांच्यावर येतं. दोन्ही बाजूंना चार इंचांचे कट ठेवले तर हात खिशात जातो. त्याच कटांमुळे पाटावर मांडी घालून बसल्यावर जाकीट वर चढत नाही. शेवटचं बटण बसताना उघडा, उभं राहिल्यावर लावा. ट्रायलला टेलरच्या दुकानात खाली मांडी घालून बसा, खालच्या दोन बटणांची काजं ताणली गेली तर तिथल्या तिथे सीटला एक इंच सोडायला सांगा.